एकतर्फी व्हिडिओ मुलाखत: एकच उत्तर, मला 5 आणि सरांना 2. चूक कुणाची?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरला दुचाकीच्या सुट्या भागांच्या एका वितरक कंपनीत एचआर बघते. एचआर म्हणजे मी एकटीच. डीलरचे फोन घेणाऱ्या समन्वयकांच्या 9 जागा भरायच्या आहेत. अर्ज खूप आले, म्हणून पहिल्या फेरीला रेकॉर्डेड व्हिडिओ ठेवले. उमेदवाराला लिंक जाते, पडद्यावर प्रश्न येतो, तो कॅमेऱ्यासमोर उत्तर देतो. समोर कुणी नसतं. 138 जणांनी रेकॉर्ड करून पाठवलं.

अर्ज क्रमांकाप्रमाणे एक मला, एक सर्व्हिस हेडना असे वाटून घेतले. काही आधीच बाद होते, म्हणून माझ्याकडे 70 आणि सरांकडे 68 आले. प्रत्येकाला 10 पैकी गुण. माझ्या ढिगातून 31 पुढे गेले, सरांच्या ढिगातून 14. वाटप तर सरळ क्रमानेच केलेलं, मग एवढा फरक कसा? म्हणून एकच व्हिडिओ दोघांनी बघितला आणि या वेळी 5 पैकी गुण दिले. मी 5, त्यांनी 2. आता ऑफिसात माझ्यावर 'मऊ' असा शिक्का बसलाय.

आमचे प्रश्न असे होते:
1) तुमच्याबद्दल सांगा आणि आमच्याकडेच का यायचंय?
2) रागावलेल्या ग्राहकाला तुम्ही कसं हाताळाल?
3) तुमची ताकद आणि कमतरता सांगा.

प्रश्न वाचल्यावर विचार करायला 30 सेकंद, उत्तराला 2 मिनिटं, पुन्हा रेकॉर्ड करायची सोय नाही. कुठे चुकलं?

ठाणेकर_अवि

सोपं आहे. दोघांनीही सगळे 138 बघा आणि सरासरी काढा. मऊ आणि कडक एकमेकांना खाऊन टाकतील. वाटून घेतलं तिथेच घोळ झाला.

पाटीलकाका_नाशिक

झूमवर मुलाखत घेताना आमच्याकडेही असंच व्हायचं. मी तर उमेदवाराला मध्येच थांबवून उलटा प्रश्न टाकायचो, खरं-खोटं लगेच कळतं. तुम्हीही टाकत जा ताई.

गोदाकाठची

काका, इथे समोर कुणीच नसतं हो. तो बोलून मोकळा होतो, मी दोन दिवसांनी बघते. उलटा प्रश्न टाकायचा कुणाला?

पाटीलकाका_नाशिक

अरे हो की. वाचताना निसटलं. मग अवघडच आहे.

मुळामुठा

काका चुकून का होईना, पण नेमक्या जागी बोट ठेवून गेले. समोरासमोर आपण ढिसाळ प्रश्न विचारतो आणि पुढच्या चार उपप्रश्नांनी सावरतो. इथे ती सोय नाही. तेव्हा आपण जे उपप्रश्न विचारले असते, ते सगळे प्रश्नाच्या पोटात आधीच घालावे लागतात. मी बारा-तेरा वर्षं भरतीत आहे, त्यातली शेवटची काही याच प्रकारात गेली. ताईंच्या तिन्ही प्रश्नांत हीच अडचण आहे.

दुसरा प्रश्न घ्या. 'रागावलेल्या ग्राहकाला कसं हाताळाल?' याला 138 जणांकडून एकच उत्तर येणार: शांत राहीन, त्यांचं ऐकून घेईन, तोडगा काढीन. शब्दांत फरकच नाही, मग गुण देणारा कशाला गुण देतो? आवाजाला, हसऱ्या चेहऱ्याला, इस्त्रीच्या शर्टला. तुम्हाला एक आवडतं, सरांना दुसरं. 31 आणि 14 इथूनच आलेत.

अवि, सरासरीचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सर सगळ्यांनाच एक-दीड गुण कमी देत असतील तर सरासरीने काम भागेल. पण ताईंच्या यादीत जो तिसरा, तो सरांच्या यादीत विसावा असेल तर सरासरी काढून काय मिळणार? दोन वेगळ्या मतांचा काला. ताई, आधी हे तपासा. साधारण 20 व्हिडिओ दोघांनी स्वतंत्रपणे बघा, एकमेकांचे गुण न बघता. मग दोन्ही याद्या क्रमाने लावा आणि शेजारी ठेवा.

गोदाकाठची

केलं. माझी सरासरी 6.4, सरांची 5.1. पण क्रमही जुळत नाही. माझे पहिले पाच आणि त्यांचे पहिले पाच यांत दोनच नावं सामाईक.

मुळामुठा

म्हणजे कडकपणा हा बारका भाग. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजताय. तो 5 आणि 2 वाला व्हिडिओ पुन्हा बघा आणि उमेदवार नेमकं काय बोलला ते शब्दशः इथे टाका. नाव-गाव नको.

गोदाकाठची

तो दुसऱ्या प्रश्नाला म्हणाला: 'समजा डीलरला माल कमी गेला, तर मी सॉरी म्हणेन आणि उरलेले नग लगेच पाठवून देईन, म्हणजे त्यांचा राग जाईल.' आवाज फार गोड, डीलर खूश होईल असा. म्हणून मी 5 दिले. सरांना विचारलं तर म्हणाले, 'न तपासता नग पाठवले तर महिनाअखेर गोदामाचा हिशोब कोण जुळवणार? हा पोरगा मला तोट्यात घालेल.'

मुळामुठा

बघा, मतभेद त्या मुलाबद्दल नाहीच! माल कमी गेल्याचा फोन आला तर समन्वयकाने काय करायचं, हे तुमच्या कंपनीत ठरलेलं नाही, किंवा ठरलंय पण तुम्हाला ठाऊक नाही. आधी सरांना ते विचारा. मग प्रश्न बनवा.

गोदाकाठची

विचारलं. समन्वयकाला स्वतःहून नग पाठवायची परवानगीच नाही. डीलरकडून बॉक्सच्या सीलचा फोटो घ्यायचा, ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवरचं वजन गोदामाच्या वजनाशी ताडायचं, मग सर ठरवणार. आणि हे मला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं. 🙏

वऱ्हाडी_ठेचा

एक उमेदवार म्हणून बोलू का? मागच्या वर्षी मी असाच एक व्हिडिओ दिला होता. गावाकडे होतो, रात्री 9 नंतरच रेंज येते. प्रश्न आला, 30 सेकंदांचा काटा फिरायला लागला, मी अजून प्रश्नच वाचत होतो. दुसऱ्या उत्तराला मध्येच वीज गेली. पुन्हा रेकॉर्ड करायची सोय नाही. दोन दिवसांनी मेल, 'आपली निवड झालेली नाही'. त्या अर्ध्या उत्तराला काय गुण दिले असतील देव जाणे. तुम्ही लोक त्याला शून्य देता का?

गोदाकाठची

खरं सांगू? जवळपास शून्यच दिलेत. 138 पैकी 7 जणांची उत्तरं अशी तुटलेली होती. मी 1 किंवा 2 देऊन पुढे गेले.

मुळामुठा

हे सगळ्यात आधी दुरुस्त करा. तुटलेलं उत्तर म्हणजे वाईट उत्तर नव्हे, ते न मिळालेलं उत्तर. गुणांच्या रकान्यात तिथे आकडाच नको, 'तां' म्हणजे तांत्रिक अडचण असं लिहा आणि त्या सातही जणांना नवी लिंक पाठवा. 'तां' कधी द्यायचं हेही आधी ठरवा, नाहीतर आवडता उमेदवार अडखळला की नेटवर्कचा दोष आणि नावडता अडखळला की त्याचा दोष, असं होतं. माझा नियम साधा आहे. आवाज सलग 10 सेकंद गेला किंवा रेकॉर्डिंग वेळेआधी तुटलं, तर 'तां'. उमेदवार नुसता गप्प बसला असेल तर नाही.

आणि 30 सेकंद फारच कमी. तुम्ही वेग मोजताय का? फोनवरच्या कामात वेग थोडा लागतोच, पण तिथे माणूस पडद्यावरचा परिच्छेद वाचत नसतो. एक मिनिट द्या. शिवाय सुरुवातीला एक सरावाचा प्रश्न ठेवा, जो कुणी बघणार नाही, आणि तसं स्पष्ट लिहा. 'आज जेवायला काय होतं' एवढा साधा चालतो. कॅमेरा कुठे बघायचा, माइक चालतोय का, हे सगळं तिथेच उरकतं.

सुलक्षणा_जो

मी शाळेत भाषा शिकवते, भरतीतलं मला कळत नाही. पण पेपर तपासण्याचं कळतं. आम्ही एका मुलाचा अख्खा पेपर एका बैठकीत तपासत नाही. आधी सगळ्यांचा प्रश्न 1, मग सगळ्यांचा प्रश्न 2. नाहीतर पहिला निबंध सुंदर निघाला की व्याकरणाच्या चुकाही आपण माफ करत जातो. व्हिडिओत असं करता येतं का?

मुळामुठा

सुलक्षणाताई, करायचं ते हेच. एडवर्ड थॉर्नडाइकने 1920 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेल्या गुणांवर लिहिलं होतं. एका बाबतीत माणसाची छाप पडली की बाकीच्या बाबतींतले गुणही त्याच रंगात रंगतात. एका उमेदवाराची तिन्ही उत्तरं ओळीने बघितली की पहिल्या उत्तराची छाप तिसऱ्यावर पडते. म्हणून सगळ्यांचं पहिलं उत्तर, मग क्रम बदलून सगळ्यांचं दुसरं. क्रम बदलायचा कारण फार चांगल्या उत्तरामागोमाग आलेलं बरं उत्तर उगाच वाईट वाटतं. दर वेळी तोच माणूस त्याच जागी नको.

ठाणेकर_अवि

बरं, पण वेळ? एचआर एकटी आहे.

मुळामुठा

हिशोब करू. 138 जण, 3 उत्तरं, म्हणजे 414 उत्तरं. 2 मिनिटं दिली तरी सगळे पूर्ण वापरत नाहीत. सरासरी 80 सेकंद धरा आणि गुण लिहायला 30 सेकंद. साधारण साडेबारा तास, प्रत्येक तपासणाऱ्याचे. एका बैठकीत 25 उत्तरांच्या वर जायचं नाही, ती पाऊण तासाची बैठक होते. 17 बैठका. आठवड्यावर गेलं काम, मान्य. दोघांनी सगळं बघायला वेळ नसेल तर निदान दुसरा प्रश्न, म्हणजे प्रसंगाचा, दोघांनी बघा. बाकीचे दोन प्रश्न वाटून घेताना उमेदवार वाटू नका, प्रश्न वाटा. पहिला सगळ्यांचा तुम्ही, तिसरा सगळ्यांचा सरांनी. मग कडक असो की मऊ, सगळ्यांना सारखाच.

गोदाकाठची

हे डोक्यातच आलं नव्हतं! आता नवा प्रश्न बघा:

'तुम्ही समन्वयक आहात. डीलरचा फोन आलाय. त्याने ब्रेक शूचे 40 नग मागवले, बॉक्समध्ये 30 निघाले, बिल मात्र 40 चं. गोदाम म्हणतं 40 पाठवले. डीलर चिडलाय, त्याचं गिऱ्हाईक दुकानात उभं आहे. नग पाठवायची परवानगी तुम्हाला नाही, ती वरिष्ठांना आहे. (अ) डीलरशी बोलताय असं समजून तुमची पहिली तीन-चार वाक्यं तशीच बोलून दाखवा. (आ) फोन ठेवल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय काय कराल ते सांगा.'

मुळामुठा

झकास. परवानगीचं वाक्य घातलंत, तिथेच 5 आणि 2 चं भांडण मिटलं. 'कसं हाताळाल' ऐवजी 'बोलून दाखवा' केलंत तेही उत्तम. पाठ करून आलेल्यालाही इथे डीलरशी बोलावंच लागेल. पण ब्रेक शूची माहिती असणं ही तुमची अट आहे का? नसेल तर 'सुटे भाग' लिहा, नाहीतर गॅरेजवाल्याच्या मुलाला फुकटचा फायदा.

आता गुणांची वाक्यं. ती डोक्यातून लिहू नका. आधीच्या रेकॉर्डिंगमधली आठ-दहा उत्तरं सरांसोबत बसून ऐका आणि खरोखर बोललेल्या वाक्यांतून पायऱ्या बनवा.

गोदाकाठची

सरांनी दीड तास दिला, चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. हे निघालं:

5 म्हणजे: डीलरकडून काहीतरी तपासून घेतो (सील, नगांची मोजणी, फोटो), परत फोनची नेमकी वेळ देतो, आणि फोननंतर गोदाम किंवा बिल्टीकडे जाऊन वरिष्ठांना कळवतो.
3 म्हणजे: तक्रार नोंदवतो, बोलणं नीट, पण 'बघतो, कळवतो' यापलीकडे वेळही नाही किंवा तपासणीही नाही.
1 म्हणजे: डीलरला खोटं ठरवतो, किंवा परवानगी नसताना नग पाठवायचं वचन देतो.

2 आणि 4 मधल्यांसाठी. आवाज गोड असण्याला वेगळा गुण नाही. सरांनी मुद्दाम लिहायला लावलं, माझ्याकडे बघून. 😄

वऱ्हाडी_ठेचा

आणि बोली? आमच्याकडचा माणूस डीलरला 'काहून बा' म्हणाला तर?

गोदाकाठची

तुमच्याकडच्या डीलरला तेच बरं वाटेल. मराठी, हिंदी, मिसळ, काहीही चालेल असं सूचनांत लिहिलंय. सरांचं एकच म्हणणं, डीलरला कळलं पाहिजे.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत आमच्या टीमने चित्र झाकून फक्त आवाज ऐकून गुण द्यायला सुरुवात केली होती. फोनचं काम आहे, चेहरा कशाला बघायचा? मागची भिंत, पलंग, रंग, सगळं आपोआप गळतं. तुम्हालाही सुचवतो.

मुळामुठा

फोनच्या कामाला पटतं. मात्र एक धोका आहे. चित्र नसलं की काही जण वाचून दाखवतायत हे कळत नाही.

जर्सीकर

कळून तरी काय करणार? डोळे इकडे-तिकडे गेले म्हणून गुण कापणार का? काहींना कॅमेऱ्याकडे बघणंच जमत नाही. उत्तरात डीलरला विचारलेला नेमका प्रश्न असेल तर त्याने तो लिहून ठेवला होता की नाही याने मला फरक पडत नाही.

मुळामुठा

मला पडतो. आयत्या वेळी बोलता येणं हेच तर काम आहे. यावर आपलं जमणार नाही, राहू दे.

ठाणेकर_अवि

प्रश्न व्हॉट्सॲपवर फिरतात हेही धरा. पहिल्याने दिलं की संध्याकाळपर्यंत गावभर.

मुळामुठा

बरोबर. म्हणून त्याच साच्याचे दोन-तीन प्रसंग ठेवायचे. एकात माल कमी, दुसऱ्यात चुकीचा भाग आला, तिसऱ्यात बिल दोनदा लागलं. अवघडपणा सारखा हवा, गुणांच्या पायऱ्या त्याच. आधी ऑफिसातल्या चार जुन्या समन्वयकांकडून सोडवून घ्या. एका प्रसंगाला सगळे अडखळले तर तो बाद.

गोदाकाठची

ताजा हिशोब. सगळ्यांनाच नवी लिंक पाठवली. जुन्या प्रश्नावर कुणालाच गुण नाहीत, तेच बरं वाटलं. 138 पैकी 121 जणांनी परत रेकॉर्ड केलं. 16 उत्तरं दोघांनी वेगवेगळी तपासली: 10 ठिकाणी तंतोतंत तेच गुण, 5 ठिकाणी एका गुणाचा फरक, एका ठिकाणी दोनचा. मी खूश आहे.

मुळामुठा

थांबा. त्या 10 पैकी किती ठिकाणी दोघांनीही 3 दिलेत?

गोदाकाठची

...7.

मुळामुठा

मग खूश व्हायची घाई नको. दोघांनीही आळसाने सगळ्यांना 3 टाकले तरी जुळतंच. 3 चं वाक्य फार रुंद झालंय. 'वेळही नाही किंवा तपासणीही नाही' यात दोन वेगळी माणसं बसतात. वेळ दिली पण तपासलं नाही तो, आणि तपासलं पण वेळ दिली नाही तो. सरांना विचारा, यातला कोण बरा?

गोदाकाठची

सर म्हणतात तपासणारा. परत फोन करायची सवय आठवड्यात लावता येते, खोदून विचारायची नाही. म्हणजे तपासणी आहे, वेळ नाही, त्याला 4. वेळ आहे, तपासणी नाही, त्याला 3. दोन्ही नाही, त्याला 2. ते 16 पुन्हा तपासले. तंतोतंत जुळणी 11 झाली, फार वाढली नाही, पण आता 3 वर 3 फक्त दोन ठिकाणी आहेत. दोनचा फरक कुठेच नाही.

मुळामुठा

हे खरं 11. आता बाकीचे तपासताना तिसऱ्या-चौथ्या बैठकीत या 16 मधले चार-पाच गुपचूप मिसळा. आपलेच जुने गुण न बघता परत द्या. एका गुणाने सरकलात तर समजायचं, दमलात किंवा मोजपट्टी हलली.

सुलक्षणा_जो

आम्ही याला 'पेन सैल होणं' म्हणतो. दुपारी तीननंतर होतं.

गोदाकाठची

झालं, माझंही पेन सैल झालं! पाच मिसळले होते, त्यातल्या तिघांना मी दुसऱ्यांदा एक गुण जास्त दिला. ती बैठक पूर्ण रद्द करून सकाळी पुन्हा बसले.

आता एकच अडलंय. एका उमेदवाराचं बोलणं अडखळत आहे, तोतरेपणा म्हणता येईल. जेवढं बोलला तेवढं मात्र पायऱ्यांप्रमाणे चोख 5 चं. पण 2 मिनिटांत (आ) भाग अर्धाच झाला. सर म्हणतात फोनचं काम आहे, डीलर थांबणार नाही.

जर्सीकर

त्याला वेळ वाढवून द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्वही येतं, आणि वाजवी सोय द्यायची असते. सूचनांतच लिहायचं होतं की कुणाला जास्त वेळ हवा असेल तर आधी कळवा.

मुळामुठा

रेकॉर्डिंगला वेळ वाढवायला हरकत नाही, तिथे तुम्ही विचार मोजताय. प्रत्यक्ष कामाचं काय, हे फोनवरच्या खऱ्या सरावात बघा. पहिल्या फेरीत गाळू नका.

वऱ्हाडी_ठेचा

डीलर थांबतात हो. आमच्या मामाचं दुकान आहे, अर्धा अर्धा तास होल्डवर बसतात बिचारे.

गोदाकाठची

😄 सरांना हे वाचून दाखवते. त्याला 4 मिनिटांची लिंक पाठवली आहे. सर अजून तयार नाहीत, म्हणतात दुसऱ्या फेरीत मी स्वतः डीलर बनून फोन करतो. सोमवारी आहे.